टँकरच्या खेपा आणि गप्प बसणारी बेरीज : सामायिक शीटमधला ‘सारांश’ टॅब कसा चालतो

एप्रिल उजाडला की बातम्यांत रोज एक आकडा फिरायला लागतो: अमुक तालुक्यात इतक्या वाड्यांना इतक्या टँकरनी पाणी. सरकारी आकडा तहसील आणि पंचायत समितीच्या वाटेने येतो. पण गावोगाव काम करणाऱ्या छोट्या संस्थाही आपापला हिशोब ठेवतात. वस्तीवरचा कार्यकर्ता टँकर रिकामा होताना पाहतो आणि मोबाइलवरून गूगल शीटमध्ये एक ओळ टाकतो. संध्याकाळी व्हॉट्सॲप ग्रुपवर दुवा येतो, ‘सारांश टॅब बघा’. दुवा उघडणाऱ्यांपैकी निम्म्यांना तो आकडा कुठून आला हे माहीत नसतं, आणि उरलेल्या निम्म्यांना वाटतं की ऑफिसात बसून कुणीतरी तो रोज भरतं.

कुणीही भरत नाही. गेले काही उन्हाळे मी अशी एक शीट सांभाळते आहे. सारांश आपोआप बनतो हे समजावून सांगणं सोपं जातं. तो कधी चुकतो आणि चुकला हे कसं ओळखायचं, हे मला स्वतःला उशिरा कळलं. म्हणून दोन्ही लिहिते.

## लिहिलेलं वजन नव्हे, काट्याची सुई

पूर्वी आमच्याकडे रात्री आठला फोनाफोनी सुरू व्हायची. ‘दादा, आज किती खेपा झाल्या?’ कुणी सांगायचं, कुणाचा फोन लागायचा नाही, आणि अकराच्या सुमाराला वहीत एक बेरीज तयार व्हायची. ती अकरा वाजताचीच असायची. सव्वाअकराला कुणी ‘अहो, एक खेप राहिली सांगायची’ म्हटलं की खाडाखोड.

सारांश टॅब वहीसारखा नाही, बाजार समितीतल्या वजनकाट्यासारखा आहे. काट्यावर पोतं ठेवलं की सुई हलते, उचललं की मागे येते. सुईला कुणी सांगावं लागत नाही. तसंच, ‘नोंदी’ नावाच्या टॅबमध्ये कार्यकर्ते ओळी टाकतात आणि ‘सारांश’ टॅबमध्ये एका चौकटीत एक सूत्र बसलेलं असतं. नोंदीत काही बदललं की सूत्र पुन्हा चालतं आणि शीट उघडून बसलेल्या प्रत्येकाला काही सेकंदांत नवा आकडा दिसतो.

त्या सूत्राचं नाव `QUERY`. म्हणजे नोंदींच्या टॅबला विचारलेला प्रश्न.

## प्रश्न कसा विचारतात

आमच्या ‘नोंदी’ टॅबचा एक तुकडा असा दिसतो. समजायला सोपं जावं म्हणून फक्त दोन दिवस आणि तीन वस्त्या घेतल्या आहेत:

```
   A            B             C      D
   तारीख        वस्ती          खेपा   लिटर
   21/04/2025   धनगरवाडी      2      20000
   21/04/2025   गुऱ्हाळवस्ती    1      10000
   21/04/2025   माळवाडी       3      30000
   22/04/2025   धनगरवाडी      1      10000
   22/04/2025   गुऱ्हाळवस्ती    1      10000
   22/04/2025   माळवाडी       3      30000
```

आपल्याला हवं आहे: प्रत्येक वस्तीला एकूण किती खेपा आणि किती लिटर, जास्त पाणी मिळालेली वस्ती वर. ‘सारांश’ टॅबच्या एका चौकटीत हे लिहायचं:

```
=QUERY('नोंदी'!A1:D,
 "select B, sum(C), sum(D)
  where B is not null
  group by B
  order by sum(D) desc
  label sum(C) 'एकूण खेपा', sum(D) 'एकूण लिटर'", 1)
```

सूत्राचे तीन भाग आहेत. पहिला म्हणजे कुठे बघायचं: `A1:D`, म्हणजे पहिल्या ओळीपासून खाली जितकं असेल तितकं. शेवटच्या ओळीचा क्रमांक मुद्दाम दिलेला नाही, कारण उद्या ओळी वाढणार आहेत. अवतरणातला मधला भाग हा खरा प्रश्न. `select` म्हणजे कोणते रकाने हवेत. `where` म्हणजे अट, इथे ‘वस्तीचं नाव रिकामं नसलेल्या ओळी’. `group by` म्हणजे सारख्या नावाचे गठ्ठे बांध. `order by` म्हणजे क्रम, `label` म्हणजे मथळ्यावर काय लिहायचं. शब्दांचा हा क्रम बदलता येत नाही. `group by` आधी आणि `where` नंतर लिहिलं तर सूत्र अडतं. शेवटचा `1` सांगतो की वरची एक ओळ मथळ्याची आहे. तो गाळला तर शीट स्वतः अंदाज बांधते, आणि तिचा अंदाज चुकला की पहिल्या काही नोंदी मथळ्यात चिकटून बसतात. एक अंक लिहायचा कंटाळा करू नये.

उत्तर येतं: माळवाडी ६ खेपा, ६०,००० लिटर, धनगरवाडी ३ खेपा, ३०,००० लिटर, गुऱ्हाळवस्ती २ खेपा, २०,००० लिटर. तिन्ही वस्त्यांच्या खेपा आपण जोडल्या तर ११. हा तक्ता एकाच चौकटीतल्या सूत्रातून खाली आणि उजवीकडे पसरतो. बाकीच्या चौकटींत काहीच लिहिलेलं नसतं, तिथे फक्त उत्तर दिसत असतं. हे लक्षात असू द्या, पुढे लागेल.

‘कालपासूनचंच दाखव’ असं हवं असेल तर सारांश टॅबच्या `B1` मध्ये तारीख ठेवायची आणि अटीत ती ओवायची:

```
where A >= date '"&TEXT(B1,"yyyy-mm-dd")&"' and B is not null
```

डोळ्यांना हे ओंगळ दिसतं, पण अर्थ साधा आहे. `QUERY` ला तारीख वर्ष-महिना-दिवस याच क्रमाने लागते, म्हणून `TEXT` तिला तो पोशाख चढवतं. आता `B1` मधली तारीख बदलली की सगळा तक्ता बदलतो.

इथपर्यंतचं कुठल्याही व्हिडिओत मिळतं. पुढचं मिळत नाही.

## तीन खेपा कुठे गेल्या?

एका संध्याकाळी माळवाडीच्या कार्यकर्त्याचा फोन आला. ‘ताई, मी काल तीन टाकल्या, आज तीन टाकल्या. तुमच्या सारांशात तीनच दिसतात.’ मी म्हटलं, ‘शीट चुकत नाही दादा, तुम्हीच बघा.’ आणि मग मीच बघितलं. नोंदीत दोन्ही दिवसांच्या ओळी होत्या. फरक इतकाच की दुसऱ्या दिवशी त्यांनी `3` ऐवजी `3 खेपा` लिहिलं होतं.

माणसाला ते तीनच वाटतं. शीटला तो अंक उरत नाही, मजकूर होतो. आणि `QUERY` चा नियम असा आहे की एका रकान्यात एकाच जातीचा माल: अंक, मजकूर किंवा हो-नाही. (तारीखही आतून अंकच असते.) मिसळ असेल तर ज्या जातीची संख्या जास्त, ती त्या रकान्याची जात ठरते. उरलेल्या चौकटी रिकाम्या समजल्या जातात.

धान्य चाळताना जे चाळणीखाली पडतं तेच आपण मापतो, वर राहिलेल्या गोट्यांची नोंद कुणी ठेवत नाही. इथे तसंच झालं. माळवाडी ६ ऐवजी ३, एकूण ११ ऐवजी ८. लाल खूण नाही, त्रुटीचा संदेश नाही. तक्ता नेहमीसारखाच नीटनेटका. त्या दिवशी ते पकडता आलं ते केवळ लिटरच्या रकान्यात ६०,००० नीट आले होते आणि तीन खेपांत साठ हजार लिटर बसत नाहीत म्हणून. दहा हजार लिटरचा टँकर वीस हजार लिटर आणू शकत नाही.

याचा उलटा प्रकार त्यातल्या त्यात बरा. नव्या शीटमध्ये सुरुवातीच्या पाचातल्या चार जणांनी ‘2 खेपा’, ‘1 खेप’ असं लिहिलं तर रकान्याची जातच मजकूर ठरते, आणि बेरीज मागितल्यावर सूत्र `AVG_SUM_ONLY_NUMERIC` अशी तक्रार करत अडून बसतं. ओरडणारी चूक लगेच सापडते. मुकी चूक महिना-महिना राहते.

म्हणून आमच्या सारांश टॅबच्या डोक्यावर आता ताळ्याची एक चौकट असते. जुने हिशोबनीस बेरीज झाली की ताळा घ्यायचे, तसंच हे:

```
=COUNTA('नोंदी'!C2:C)-COUNT('नोंदी'!C2:C)
```

`COUNTA` भरलेल्या सगळ्या चौकटी मोजतं, `COUNT` फक्त अंक असलेल्या. वजाबाकी शून्य आली पाहिजे. एक आली तर कुठेतरी एक ‘3 खेपा’ दडलेला आहे. तो शोधायला:

```
=FILTER('नोंदी'!A2:D, ISTEXT('नोंदी'!C2:C))
```

हे सूत्र त्या आख्ख्या ओळी समोर आणून ठेवतं. एकही नसेल तर `#N/A` दाखवतं, आणि ते चांगलं लक्षण. डोळ्यांनीही पकडता येतं: वेगळी मांडणी केलेली नसेल तर अंक चौकटीत उजवीकडे टेकतात, मजकूर डावीकडे. पण दीड हजार ओळींत डावा-उजवा कोण बघत बसणार?

## एकच वस्ती दोनदा का दिसते?

ही गोष्ट मराठीत काम करणाऱ्यांनाच छळते. एके दिवशी सारांशात ‘गुऱ्हाळवस्ती’ दोन ओळींत आली, एकीत २ खेपा, दुसरीत ५. आधी वाटलं कुणीतरी नावामागे जागा सोडली असेल. तो नेहमीचा रोग आहे: ‘धनगरवाडी’ आणि ‘धनगरवाडी’नंतर एक स्पेस, हे `group by` च्या लेखी दोन गठ्ठे. इथे तसं नव्हतं. अक्षर न् अक्षर सारखं.

शेवटी दोन्ही नावांना `LEN` लावलं, म्हणजे आत किती चिन्हं आहेत ते मोजलं. एकात १२ निघाली, दुसऱ्यात १३.

घोटाळा त्या ‘ऱ्ह’चा. हा अर्धा र लिहायच्या दोन वाटा आहेत. काही कीबोर्ड खास ‘ऱ’ हे अक्षर, मग हलन्त, मग ह असं ठेवतात. काही साधा र, हलन्त, एक न दिसणारं जोडचिन्ह आणि मग ह असं ठेवतात. पडद्यावर दोन्ही सारखेच, आत एक चिन्ह जास्त. दोन कार्यकर्त्यांचे दोन फोन, दोन कीबोर्ड, आणि एका वस्तीच्या दोन वस्त्या. कुऱ्हाड, तऱ्हा, दऱ्या असलेलं कुठलंही नाव या फेऱ्यात सापडू शकतं.

नावं टाइप करूच द्यायची नाहीत, हा त्यावरचा उपाय. ‘वस्त्या’ नावाचा वेगळा टॅब करून त्यात प्रत्येक नाव एकदाच लिहायचं, आणि नोंदीच्या `B` रकान्याला `Data` → `Data validation` मधून त्या यादीची ड्रॉपडाउन लावायची. यादीबाहेरचं काही आलं तर नाकारायला सांगायचं. कार्यकर्त्यालाही ते सोपं जातं, भर उन्हात मोबाइलवर ‘गुऱ्हाळवस्ती’ लिहिण्यापेक्षा बोट टेकवणं बरं. एकच भोक उरतं: कुणी दुसरीकडून ओळ कॉपी करून पेस्ट केली की त्या चौकटीचा नियमही पेस्टसोबत उडू शकतो. त्यामुळे ताळा घेणं थांबवता येत नाही.

## मे महिन्यात जुलैच्या खेपा

ही आमची सगळ्यात महागात पडलेली चूक. ७ मे रोजी सारांशात महिनावार तक्ता पाहत होते, तर जुलैच्या नावावर खेपा. जुलै यायला दोन महिने, आणि आला तरी तेव्हा टँकर कशाला?

प्रत्येक शीटला एक ‘लोकेल’ असतो, म्हणजे ही शीट कुठल्या देशाच्या रिवाजाने तारखा वाचणार ते. आमची शीट अमेरिकेच्या रिवाजावर राहिली होती. तिथे महिना आधी, दिवस नंतर. कार्यकर्त्याने `07/05/2025` लिहिलं, शीटने ५ जुलै वाचलं. `01/05/2025` ची ५ जानेवारी झाली, `06/05/2025` ची ५ जून. फक्त `05/05/2025` बचावली, तिला उलटं केलं तरी तीच.

मग एप्रिलमध्ये हे का कळलं नाही? कारण शीट आम्ही २१ एप्रिलला सुरू केली होती. `21/04/2025` अमेरिकी रिवाजात बसतच नाही, एकविसावा महिना नसतो. तेव्हा शीटने त्या तारखा निव्वळ मजकूर म्हणून ठेवून दिल्या. वस्तीवार बेरजेत तारखेची अट नसल्याने सगळं ठीक दिसत होतं. तारखेची अट लावली त्या दिवशी एप्रिल गायब होता आणि मे जानेवारीपासून जुलैपर्यंत पसरला होता.

दुरुस्ती दोन टप्प्यांत करावी लागली. `File` → `Settings` मध्ये `Locale` बदलून भारत केला, त्यामुळे पुढच्या नोंदी सुधारल्या. मागच्या नाही. चुकून ५ जुलै झालेली तारीख ५ जुलैच राहते, फक्त आता ती आपल्या रिवाजाने लिहिलेली, अगदी खरी वाटणारी दिसते. त्या हाताने फिरवाव्या लागल्या, व्हॉट्सॲपवरचे निरोप समोर ठेवून. नवी शीट केली की पहिली नोंद पडायच्या आधी लोकेल बघायचा, हे आता हाताच्या सवयीत गेलं आहे. आणि ताळ्यात आणखी एक चौकट वाढली:

```
=COUNTIF('नोंदी'!A2:A, ">"&TODAY())
```

आजच्या पुढच्या तारखेच्या नोंदी किती. उत्तर शून्यच हवं.

## जिथे पाणीच गेलं नाही, ती वस्ती कुठे दिसते?

कुठेच नाही. `QUERY` ची खरी मर्यादा ही आहे, आणि ती कुठल्याही दुरुस्तीने जात नाही, कारण ती चूकच नाही.

`group by` गठ्ठे बांधतं ते आलेल्या नोंदींचे. ज्या वस्तीची एकही नोंद नाही तिचा गठ्ठाच बनत नाही, त्यामुळे तिच्यापुढे शून्यही येत नाही. ती तक्त्यातून नाहीशी होते. पंक्तीत जेवायला बसलेले मोजले तर कोण आलं नाही हे कळत नाही. त्यासाठी आमंत्रणांची यादी हातात लागते. आणि टँकरचा हिशोब ठेवण्याचं कारणच मुळी कोण राहिलं हे बघणं. सहा खेपा मिळालेली माळवाडी सारांशात सगळ्यात वर झळकते. चार दिवस टँकर न आलेली वस्ती कुणाच्या नजरेलाही पडत नाही.

एका टॅबमधली यादी घेऊन दुसऱ्या टॅबमधल्या नोंदी तिला जोडून दे, असा प्रश्न `QUERY` च्या भाषेत विचारता येत नाही. ती सोय तिच्यात नाही. म्हणून या एका कामापुरतं तिला बाजूला ठेवून उलटीकडून सुरुवात करायची. एका नव्या टॅबच्या `A` रकान्यात ‘वस्त्या’ची आख्खी यादी उतरवायची, मग पाणी गेलेलं असो वा नसो, आणि प्रत्येक नावासमोर विचारायचं: हिच्या खेपा किती?

```
=SUMIFS('नोंदी'!C$2:C, 'नोंदी'!B$2:B, A6, 'नोंदी'!A$2:A, ">="&$B$1)
```

`A6` मध्ये वस्तीचं नाव, `B1` मध्ये कधीपासून ती तारीख. आता नोंद नसलेल्या वस्तीसमोर ठसठशीत शून्य येतं. आमच्याकडे त्या चौकटीला शून्यावर लाल रंग चढवला आहे, आणि बैठकीत तोच टॅब आधी उघडतो. `QUERY` चा तक्ता नंतर, कुठे किती गेलं हे बघायला.

## पिव्हट टेबल असताना हा खटाटोप कशाला?

रास्त प्रश्न. गूगल शीट्समधलं पिव्हट टेबलही नोंदींबरोबर आपोआप बदलतं, आणि माउसने बनतं. तुमचं काम एका तक्त्यात भागत असेल तर तेच वापरा, मी अडवणार नाही. `QUERY` चा फायदा तारीख, तालुका, पथक अशा दोन-तीन चौकटी बदलून तक्ता फिरवायचा असेल तेव्हा दिसतो. प्रश्न अक्षरांत लिहिलेला असल्याने दुसऱ्याला तो वाचून तपासता येतो, हेही आहेच. गैरसोय अशी की एक्सेलच्या नेहमीच्या फायलीत `QUERY` नावाचं सूत्र नाही. शीट उतरवून एक्सेलमध्ये उघडून जिवंत सारांश मिळेल अशी आशा करू नये.

पथकं तीन असतील तर तीन टॅब करावेत का, असंही विचारतात. करता येतात, आणि महिरपी कंसात एकाखाली एक जोडून `QUERY` ला देताही येतात. तेव्हा रकान्यांना `B`, `C` ऐवजी `Col2`, `Col3` म्हणावं लागतं, `C` मोठाच. पण एका पथकाने मध्येच एक रकाना घुसवला की तिन्ही टॅबच्या रकान्यांची संख्या जुळत नाही आणि सगळं सूत्रच अडतं. माझं मत: टॅब एकच ठेवा, ‘पथक’ नावाचा रकाना वाढवा.

## कुणी चुकून पुसलं, किंवा मध्येच लिहिलं तर?

मघाशी म्हटलं तसं, उत्तर एका चौकटीतून पसरलेलं असतं. पसरायच्या वाटेत कुणी एखाद्या चौकटीत ‘ठीक’ इतकंच जरी टाइप केलं तरी सगळा तक्ता आटपतो आणि वरच्या चौकटीत `#REF!` उरतं. घाबरायचं कारण नाही: तो शब्द पुसला की तक्ता परत येतो. मुळात ‘सारांश’ टॅबला `Data` → `Protect sheets and ranges` मधून कुलूप लावायचं, म्हणजे ही वेळ येत नाही. नोंदीतली ओळच कुणी पुसली असेल तर `File` मधल्या `Version history` मध्ये आधीची स्थिती सापडते.

दुसरी सवय जास्त घातक, कारण ती शहाणपणाची वाटते: `QUERY` च्या तक्त्याशेजारी हाताने शेरे लिहिणं. ‘धनगरवाडी’समोर कुणी लिहिलं, ‘ठेकेदाराशी बोललो’. दुसऱ्या दिवशी क्रम बदलला, धनगरवाडी दुसऱ्या ओळीवरून चौथ्यावर गेली, शेरा होता तिथेच राहिला. आता ठेकेदाराशी बोलणं झालं ते भलत्याच वस्तीबद्दल. शेरा लिहायचा तर नोंदीच्या ओळीतच लिहावा.

## सगळ्यांना सगळं दिसतं का?

हो, शीटचा दुवा ज्याच्याकडे त्याला सगळे टॅब. टॅब लपवणं म्हणजे पडदा ओढणं, दार लावणं नव्हे; शीटची प्रत काढता येणाऱ्याला लपलेला टॅब पुन्हा उघडता येतो. म्हणून आमच्या नोंदीत कुणाचा फोन नंबर नसतो. बाहेरच्या कुणाला फक्त सारांश द्यायचा असेल तर वेगळी शीट करून `IMPORTRANGE` ने तेवढाच भाग तिथे आणायचा, आणि त्यांना ती फक्त पाहण्यापुरती द्यायची. संपादनाचा हक्क दिला तर तेच सूत्र थोडं बदलून त्यांना मूळ शीटमधलं बाकीचंही ओढून नेता येतं. तिथे आकडा जरा मागे राहू शकतो हे मात्र सांगून ठेवायचं.

## वाडीवर रेंज नसते, मग ‘लाइव्ह’ कसलं?

कार्यकर्त्याच्या फोनवर शीट ऑफलाइन ठेवलेली असेल तर तो नोंद टाकू शकतो. ती पोचते तो रेंजमध्ये आल्यावर. डोंगरापलीकडच्या वाडीची दुपारी एकची खेप आमच्या काट्यावर कधी रात्री नऊला चढते. म्हणजे लाल शून्याचे दोन अर्थ होतात, पाणी आलं नाही किंवा नोंद आली नाही. आणि दोन्हींसाठी करायचे फोन वेगळे, एकात ठेकेदाराला, दुसऱ्यात कार्यकर्त्याला.

हे सुटलं ते एका नियमाने आणि दोन रकान्यांनी. नियम असा: टँकर आला नाही तरी ओळ टाकायची, खेपा `0`. मग वस्त्यांच्या यादीसमोर दोन तारखा काढायच्या, शेवटची नोंद आणि शेवटची खेप:

```
=MAXIFS('नोंदी'!A$2:A, 'नोंदी'!B$2:B, A6)
=MAXIFS('नोंदी'!A$2:A, 'नोंदी'!B$2:B, A6, 'नोंदी'!C$2:C, ">0")
```

शेवटची नोंद आजची आणि शेवटची खेप चार दिवसांपूर्वीची असेल, तर टँकर खरोखरच आलेला नाही. दोन्ही तारखा चार दिवस जुन्या असतील, तर पाण्याचं आपल्याला काहीच माहीत नाही, आधी कार्यकर्त्याला गाठायचं. आणि एखाद्या वस्तीसमोर ३०/१२/१८९९ अशी तारीख आली तर दचकू नका. गूगल शीट्सची शून्य क्रमांकाची तारीख ती; पहिल्या रकान्यात ती आली तर त्या वस्तीची पहिली नोंद अजून पडायची आहे, फक्त दुसऱ्यात आली तर पहिली खेप.